लाल वीट, फ्लाय अ‍ॅश वीट की एएसी ब्लॉक? कोल्हापुरातल्या एका दोन मजली घराचा भिंतींचा पूर्ण हिशोब

माझ्या मावसभावानं कळंब्याकडं प्लॉट घेतला, घर काढायचं ठरलं, आणि पहिल्याच रविवारी चहाला बसल्यावर तीन माणसांनी त्याला तीन वेगळी मतं दिली. सासरे म्हणाले लाल वीट सोडून काही घालू नको, गवंडी म्हणाला फ्लाय अ‍ॅशची घ्या मालक, स्वस्तात जाईल, आणि ऑफिसातला मित्र म्हणाला आता सगळे एएसी ब्लॉकच, म्हणजे फुगवून शिजवलेले हलके ब्लॉक, वापरतात, स्टील पण वाचतं. तिघंही आपापल्या जागी थोडे बरोबर आणि थोडे चूक. मी बांधकामाच्या साईटवर बरीच वर्षं काढलीत, म्हणून भावानं वही माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाला, आता तूच सांग. त्या वहीत जे लिहिलं तेच इथं नीट मांडतोय, तुमच्या घराची मापं टाकून तुम्हीपण हाच हिशोब करू शकता.

घर असं धरा. बाहेरून २४ बाय ३० फूट, तळमजला आणि वर एक मजला, मजल्याची उंची १० फूट. जमीन काळी, पण पुराचं पाणी येत नाही. समोर रस्ता रुंद.

आधी एक प्रश्न: भिंत स्लॅब उचलणार आहे का?

विटेचा रेट विचारायच्या आधी हे ठरवा. आपल्याकडं जुनी घरं लोड बेअरिंगची, म्हणजे कॉलम नाहीत, स्लॅबचं वजन सरळ भिंतीवर. आता बहुतेक घरं फ्रेमची, वजन कॉलम-बीम घेतात आणि भिंत नुसती मधली जागा भरते.

लोड बेअरिंग करणार असाल तर माझ्या मते एएसी ब्लॉक विसरा. ब्लॉकची ताकद साधारण ३ ते ४ न्यूटन प्रति चौरस मिमी असते, कागदावर छोट्या घराला पुरेल असं कुणी दाखवेलही, पण ब्लॉक ठिसूळ आहे, आणि काळ्या मातीत पाया जरा जरी हलला तरी भिंतीला तिरकी चीर जाते. तिथं ९ इंची भिंत, चांगली भाजलेली लाल वीट किंवा पूर्ण क्युअर झालेली फ्लाय अ‍ॅश वीट, आणि जोत्याला, लिंटेलला, स्लॅबखाली काँक्रीटचा सलग पट्टा. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो, त्यामुळं हे पट्टे गाळून पैसे वाचवायचा विचारसुद्धा करू नका.

भावाचं घर फ्रेमचं, कॉलम ९ इंच रुंद. म्हणजे तिन्ही पर्याय उघडे. पण इथंपण एक गोष्ट लक्षात घ्या, कुठला माल ते आर.सी.सी. ड्रॉइंग निघायच्या आधी इंजिनिअरला सांगायचं. ड्रॉइंग विटेच्या वजनावर काढलं, स्टील बांधून झालं आणि मग ब्लॉक आणले तर वजन कमी झाल्याचा एक रुपयाही फायदा मिळत नाही.

आणि हा स्टील वाचण्याचा मुद्दा आहे ना, तो जरा तपासून घ्या. खालच्या मापांवरून काढलं तर विटेच्या भिंती या घरात साधारण ७० टन होतात आणि ब्लॉकच्या २५ टनांच्या आत. फरक मोठा वाटतो, आणि दहा मजली बिल्डिंगला तो खरंच मोठा असतो. पण दोन मजली घरात कॉलम मुळात कमीत कमी मापाचाच असतो, त्याच्यापेक्षा बारीक करताच येत नाही आणि त्यातल्या सळ्यापण कमीत कमीच्या आसपासच असतात. बचत झाली तर फुटिंगमध्ये आणि बीममध्ये थोडी होते. भावाच्या इंजिनिअरनं दोन्ही तऱ्हेनं काढून दिलं, फरक होता, पण मित्र सांगत होता तेवढा नाही. अजून एक, काळी माती फुगते तेव्हा ती घराला वर ढकलते, तिथं हलकं घर असण्याचा काही फायदा नाही, तिथं खाली मुरूम लागेपर्यंत जाणं आणि जोत्याचा बीम नीट असणं हेच कामाला येतं.

भिंत मोजायची कशी

बाहेरची घेराची लांबी १०८ फूट. त्यातून कॉलमची जागा साधारण १० फूट वजा केली की ९८. मजला १० फुटांचा, त्यातून बीमचे सव्वा फूट गेले, भिंतीची उंची पावणेनऊ फूट. गुणाकार ८५७ चौरस फूट, त्यातून खिडक्या-दारं अंदाजे २० टक्के वजा, राहिले ६९० च्या आसपास. दोन मजल्यांचे मिळून १४०० चौरस फूट धरले. आतल्या पडदी भिंती एका मजल्याला ६० फूट लांबीच्या, दारं वजा करून ४५०, दोन मजल्यांच्या ९००.

म्हणजे बाहेर १४००, आत ९०० चौरस फूट. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय कुठल्याही सप्लायरला फोन करू नका, कारण तो तुमच्याकडून स्क्वेअर फूट बिल्टअप विचारतो आणि त्यावरून ठोकून आकडा सांगतो.

आता वीट. आपल्याकडं विटेचं माप भट्टीगणिक बदलतं, म्हणून २० विटा एका ओळीत लांबीनं लावा आणि टेपनं मोजा, मग भागा. ९ बाय ४ बाय ३ इंच धरली तर दरजेसकट ९ इंची भिंतीला एका चौरस फुटाला ९ विटा, ४ इंची भिंतीला साडेचार. बाहेर १२,६००, आत ४,०५०, मिळून १६,६५०. लाल विटेत तुटफूट ५-६ टक्के सहज जाते, म्हणजे साडेसतरा हजारांवर मागवायची. फ्लाय अ‍ॅशची चांगली वीट कमी तुटते, १७ हजार पुरते. सिमेंट दोन्हीला साधारण ५० पोती आणि साडेतीन ब्रास क्रश सँड, फक्त भिंतीच्या मालाला, गिलावा वेगळा.

विटेची जाडी अर्ध्या इंचानं जरी कमी निघाली तरी काय होतं बघा, थर वाढतात, विटा वाढतात, आणि वर माल पण वाढतो. स्वस्त वीट बऱ्याचदा छोटी असते एवढंच.

ब्लॉकचं माप ६०० बाय २०० मिमी, जाडी ४, ६ किंवा ८ इंच. एका चौरस मीटरला ८ च्या जरा वर ब्लॉक लागतात. म्हणजे १०० चौरस फुटाला ७६. बाहेर १४०० चौरस फुटाला १,०६२, आत ९०० ला ६८३. तुटफूट धरून सव्वाअठराशे. वाळू-सिमेंटच्या ऐवजी ब्लॉकचा गोंद, आपल्याकडं सगळे त्याला अ‍ॅडेसिव्हच म्हणतात, ४० किलोची २८-३० पोती.

पैशाचा हिशोब १०० चौरस फुटावर करा

नगाला नगाशी तुलना करू नका, वीट ९ रुपये आणि ब्लॉक ९५ रुपये असं ऐकलं की डोकं फिरतं. बाहेरच्या भिंतीचा १०० चौरस फुटांचा तुकडा धरा. खालचे रेट फक्त हिशोब कसा करायचा ते कळावं म्हणून धरलेत, तुम्ही त्या दिवशीचा कोटेशनचा रेट टाका.

समजा लाल वीट साइटवर पोच ९ रुपये. ९०० विटांचे ८,१०० रुपये, ३ पोती सिमेंट आणि २० घनफूट क्रश सँड धरून अजून २,१०० च्या आसपास, झाले १०,२००. फ्लाय अ‍ॅश वीट समजा ७ रुपये, तर ६,३०० आणि तेच २,१००, म्हणजे ८,४००. ८ इंची ब्लॉक समजा ९५ रुपये, ७६ नगांचे ७,२२० आणि दीड पोतं अ‍ॅडेसिव्ह ६७५, म्हणजे ७,९००.

बघितलं का, नगाला दहापट महाग वाटणारा ब्लॉक भिंतीत गेल्यावर फ्लाय अ‍ॅशच्या शेजारी येऊन बसला. मग निर्णय कशावर होतो तर मजुरीवर आणि गिलाव्यावर. लाल विटेची भिंत एका बाजूनं सरळ येते, दुसऱ्या बाजूला विटेची लांबी कमीजास्त असल्यानं खाच-खळगे राहतात, तिथं गिलावा २० मिमीपर्यंत जातो. फ्लाय अ‍ॅश आणि ब्लॉकला १२ मिमीत काम होतं. दोन मजली घराला हा फरक सिमेंटच्या पोत्यांत मोजता येतो.

जागा वाचते म्हणतात त्याचंपण खरं-खोटं करून टाकू. ९ इंची विटेच्या जागी ८ इंची ब्लॉक घातला तर एक इंच वाचला, त्यात काही नाही. ६ इंची घातला तर १०८ फूट घेरावर ३ इंच, म्हणजे मजल्याला २७ चौरस फूट. वाईट नाही. पण कॉलम ९ इंच रुंद, भिंत ६ इंच, त्यामुळं खोलीत प्रत्येक कोपऱ्यात ३ इंचाचा कॉलम बाहेर डोकावतो, कपाट भिंतीला टेकत नाही आणि सुतार कॉलमभोवती तुकडे जोडत बसतो. शिवाय आपल्याकडचा जुलैचा पाऊस बघता, पश्चिमेच्या बाजूला ६ इंची एएसी मला पटत नाही. म्हणून बाहेर ८ इंच.

माल उतरवायच्या आधी गाडीवर काय बघायचं

हे काम एक तासाचं आहे आणि बहुतेक लोक तेच करत नाहीत, कारण गाडी रात्री येते आणि हमालांना घाई असते.

लाल वीट आपल्याकडं नदीकाठच्या आणि गावोगावच्या भट्ट्यांची, कोळसा आणि बगॅसवर भाजलेली. दिवाळीनंतर थापायला सुरुवात होते आणि पावसाच्या आधी भट्टी बंद, त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये मिळणारी वीट जुन्या साठ्यातली आणि महागच असणार. आव्यात मधली वीट जास्त भाजते आणि कडेची कच्ची राहते, गाडीत दोन्ही मिसळून येतात. गाडीच्या वेगवेगळ्या जागेवरून दहा विटा काढा. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला की आत कच्ची. नखानं ओरखडा ओढून बघा, उमटला तर नको. कमरेच्या उंचीवरून मातीवर सोडा, फुटता कामा नये. मग दोन विटा घरी न्या, चांगल्या वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायली, तर ती साध्या विटेच्या आयएस १०७७ च्या मर्यादेत बसत नाही. आणि एक वीट ताटलीत इंचभर पाण्यात उभी करून ठेवा, पाणी आटल्यावर अंगावर पांढरी पूड आली तर लोणा लागणार, रंग टिकणार नाही.

फ्लाय अ‍ॅशच्या विटेत फसवणूक वेगळी. ती भाजलेली नसते, राख, सिमेंट किंवा चुना आणि क्रश सँड दाबून बनवतात आणि पाण्यानं मुरवतात. मुरायला निदान दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. पण मागणी असली की चार-पाच दिवसांची वीट गाडीत चढते. ती ओळखायची कशी, तर कडेला अंगठ्यानं दाबून बघा, कण सुटतात, कोपरे गाडीतच झडलेले असतात, गाडीच्या फळीवर राखेसारखा चुरा पडलेला असतो. मोडून आतला भाग बघा, बाहेर कोरडी आणि आत गडद ओलसर असेल तर अजून हिरवीच आहे. वर परत नुसती क्रश सँड आणि सिमेंटची वीटपण फ्लाय अ‍ॅशच्या नावानं खपते, ती वाईटच असते असं नाही, पण जड असते, म्हणून वजन आणि पाण्याची परीक्षा तिलाही तीच. साइटपासून जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दाब परीक्षा करून मिळते, १७ हजार विटा घेताना पाच-सहा नग तपासायला द्यायला काय जातंय.

ब्लॉकमध्ये दोन गोष्टी. एक, तो खरंच एएसी आहे का. एएसी म्हणजे मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालून फुगवतात आणि मग वाफेच्या दाबाच्या टाकीत शिजवतात, त्यामुळं रंग पांढुरका राखी आणि भोकं बारीक, सगळीकडं सारखी. फोम काँक्रीटचा ब्लॉक दिसायला तसाच पण शिजवलेला नसतो, तो जरा गडद असतो आणि भिंतीत गेल्यावर जास्त आकसतो. कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर घनता आणि ताकद दोन्ही पाहिजे.

दुसरी गोष्ट ओल, आणि इथंच मी स्वतः मार खाल्लाय. २०२१ च्या सप्टेंबरात एका साइटला ब्लॉक आले, फॅक्टरीतून ताजे, वरून पावसात भिजत उघड्यावर पडलेले. गवंडी रिकामा बसला होता म्हणून मी घाई केली, भिंत लावून टाकली. ८ इंची कोरडा ब्लॉक १५ किलोच्या आसपास भरतो, ते १९-२० किलोचे होते, हमाल बोंबलत होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, भिंत सुकली तशी आकसली, आणि खिडकीच्या कोपऱ्यांपासून आणि कॉलमच्या कडेनं केसाएवढ्या चिरा निघाल्या. पुढचा पाऊस आला तेव्हा त्याच चिरांतून आत डाग उमटले. सप्लायरनं अर्थातच हात वर केले, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती. ब्लॉक फळ्यांवर ठेवून वर ताडपत्री टाका, कडा मोकळ्या ठेवा, दोन-तीन आठवडे वाळू द्या. वजनकाटा साइटवर ठेवा, दुसरा काही उपाय नाही.

लावताना तिघांचे नियम वेगळे

गवंडी एकच असतो आणि तो तिन्ही माल एकाच पद्धतीनं लावतो, बहुतेक बिघाड तिथून होतो.

लाल वीट टाकीत बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची, नुसतं पाइपनं वरून पाणी मारलेलं चालत नाही. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट भुसभुशीत राहतं. फ्लाय अ‍ॅशला एवढं भिजवायचं नाही, लावायच्या आधी पाणी शिंपडून अंग ओलं केलं की झालं, जास्त भिजवली तर वीट मालावर घसरते आणि सुकताना आकसते. ब्लॉकवर तर फक्त ओल्या ब्रशनं धूळ झाडायची.

विटेला दरज १० मिमीची, ९ इंचीला १:६ माल, म्हणजे एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू, आणि ४ इंचीला १:४. ४ इंची पडदीला दर ३ फुटांवर काँक्रीटची पट्टी, आत ६ मिमीच्या दोन सळ्या. दिवसात ९ इंची भिंत ५ फुटांच्या वर चढवू नका, आणि सात दिवस दोन वेळा पाणी.

ब्लॉकला अ‍ॅडेसिव्ह फक्त ३ मिमी, दातेरी थापीनं ओढायचं. आता ३ मिमीत चूक सुधारायला जागाच नसते, म्हणून पहिला थर सगळ्यात महत्त्वाचा. तो साध्या सिमेंट मालावर, १५-२० मिमीवर, लेव्हल ट्यूब लावून एकदम पाण्याच्या पातळीत बसवायचा. पहिला थर चुकला की गवंडी वर जाडजाड माल भरत सुटतो आणि मग अ‍ॅडेसिव्हची पोती दुप्पट जातात. उभ्या सांध्यात अ‍ॅडेसिव्ह लावायचा कंटाळा करतात, तिथं उजेड आरपार दिसतो, लावून झाल्यावर संध्याकाळी आतून बल्ब लावून बाहेरून बघा. ब्लॉक करवतीनं कापायचा, थापीनं तोडायचा नाही.

चिरा येतात त्या ठरलेल्या चार जागी, तिथं आधीच बंदोबस्त करा. कॉलमजवळ, दर दोन-तीन थरांना कॉलममधून सळी किंवा पत्र्याची पट्टी सांध्यात घ्या. खिडकीखाली, ३-४ इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा भिंतभर घ्या, लिंटेलपण दोन्ही बाजूंना निदान ८ इंच भिंतीत टेकलं पाहिजे, सलग घेतलं तर अजून चांगलं. लांब भिंतीत, ब्लॉकची भिंत १२-१३ फुटांच्या पुढं गेली की मध्ये उभा काँक्रीटचा खांबुडका. आणि बीमखाली, शेवटच्या थरावर बोटभर फट ठेवा, आठवडाभर भिंत बसू द्या, मग भरा. लगेच घट्ट भरली तर बीम जरा वाकला की वजन भिंतीवर येतं.

गिलाव्याच्या आधी जिथं भिंत आणि काँक्रीट भेटतं तिथं जाळी मारा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. फ्लाय अ‍ॅशचं अंग गुळगुळीत असतं, त्यावर आधी सिमेंटचं पातळ शिंपण करून एक दिवस पाणी मारा, नाहीतर गिलावा पोकळ वाजतो. ब्लॉकवर जोरदार सिमेंटचा गिलावा मारू नका. लोकांना वाटतं १:३ मारला की भिंत पक्की होते, उलटं होतं, वरचा थर कडक आणि आकसणारा, आतला ब्लॉक मऊ, गिलावा भिंतीचं कातडं घेऊन सुटतो. १:६ च ठेवा, १२ मिमी, फायबर घालून. बाहेरून दोन हातांचा, आणि खिडक्यांना चांगला दीड फुटाचा छज्जा, खालच्या कडेला पाणी गळायची खाच ठेवून.

भावाच्या घरात शेवटी काय घातलं

जोत्याखाली आणि जोत्यावरचे पहिले दोन थर, भाजलेली लाल वीट, पाण्याची परीक्षा झालेली. बाहेरच्या भिंती दोन्ही मजल्यांना ८ इंची एएसी. आतल्या ९०० पैकी बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या ३५० चौरस फूट भिंतींना ४ इंची फ्लाय अ‍ॅश वीट, १,६५० नग. उरलेल्या ५५० ला ४ इंची ब्लॉक, ४३५ नग.

बाथरूमला फ्लाय अ‍ॅश का, तर तिथं नळाच्या लायनीसाठी भिंत कापावी लागते, ४ इंची ब्लॉक आडवा कापला की अर्धा जीवच जातो. गिझर तिथं, टाइल्स तिथं, ओल कायमची तिथं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरची कपाटं आणि कडाप्प्याच्या फळ्या भिंतीतच रोवतात. पण एकाच सरळ भिंतीत अर्धा ब्लॉक अर्धी वीट करू नका, सांध्याला उभी चीर ठरलेली. कॉलमवर किंवा कोपऱ्यावर माल बदलायचा.

भावाच्या बायकोला वरच्या मजल्याची गरमी कमी व्हावी असं वाटत होतं. ब्लॉकमधून उष्णता विटेपेक्षा बरीच कमी आत येते, पश्चिमेच्या खोलीत फरक कळतो. पण एप्रिल-मेमध्ये वरचा मजला तापतो तो मुख्यतः स्लॅबमुळं. स्लॅबवर पांढरा कोट किंवा चायना चिप्स केल्याशिवाय नुसत्या भिंतीनं गार होणार नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं.

हेच घर नदीजवळच्या सखल भागात असतं तर मी तळमजल्याला एएसी घातला नसता. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण बघितलेत, दोन-चार दिवस भिंत पाण्यात उभी राहते. ब्लॉक विरघळत नाही, पण भोकाभोकांत पाणी भरलं की वाळायला महिने लागतात, तोवर गिलावा आणि रंग धरत नाही. तिथं खाली ९ इंची फ्लाय अ‍ॅश किंवा लाल वीट, वर ब्लॉक. आणि घर शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या बोळात असतं तर आधी बोळ मोजला असता. ब्लॉकची मोठी गाडी आत येत नाही, रस्त्यावर उतरवून टेम्पोनं आणायचे, दोनदा हाताळणी, कोपरे जातात, वर डबल हमाली, शिवाय थोडे ब्लॉक कमी पडले तर फॅक्टरी अर्धी गाडी पाठवत नाही. विटा कमी पडल्या तर ट्रॅक्टरची एक खेप मागवता येते. गवंड्यानं याआधी एकही ब्लॉकची भिंत लावली नसेल तरीही मी विटेकडंच वळलो असतो, त्याला आपल्या घरावर शिकवायला नको.

राहता राहिलं भिंतीला टांगायचं. ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिकचा गट्टू आणि दीड इंची स्क्रू धरत नाही, फिरत बसतो. ब्लॉकसाठीचे लांब नायलॉनचे अँकर घ्या, ड्रिलचा हातोडा मोड बंद ठेवून भोक मारा. एसीचं बाहेरचं युनिट, मोठा टीव्ही, पाण्याचा मोठा फिल्टर कुठं येणार ते भिंत लावतानाच ठरवून त्या जागी एक-दोन ब्लॉकच्या जागी काँक्रीट ओता. भावाच्या हॉलमध्ये टीव्हीची जागा विसरलो होतो, गिलाव्याच्या आदल्या दिवशी आठवलं, मग दोन ब्लॉक कापून काढले आणि ओतलं, गवंडी दिवसभर तोंड वाकडं करून काम करत होता.